त्या दिवशी शेतात काय असतं? (सुगीचे आणि नववर्षाचे सण : इयत्ता आठवी-नववीसाठी पाठ)



'संक्रांत, पोंगल, लोहडी, बिहू हे सगळे सुगीचे सण आहेत. नावं वेगळी, सण एकच.' हे वाक्य मी स्वतः कित्येकदा फळ्यावर लिहिलंय. मुलं ते उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळतात. पण आपल्या करकंबच्या शिवारात संक्रांतीच्या दिवशी उभं राहून बघा. ज्वारी उभी आहे. हरभरा घाट्यात आहे, गहू ओंबीत आहे. काढणीला अजून महिना-दीड महिना आहे. मग सुगी कसली?

हा प्रश्न एका मुलानंच विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी प्राथमिकचा शिक्षक. पण नंतर माध्यमिकच्या एका सरांबरोबर बसून आठवीसाठी हा पाठ तयार केला आणि आम्ही दोघांनी मिळून तो घेतला. जसा घेतला तसा इथे देतोय, चुकांसकट.

इयत्ता : आठवी / नववी
विषय : भूगोल आणि इतिहास यांचा समन्वय
वेळ : ३५ मिनिटांच्या तीन तासिका, आधी आठ दिवसांचा गृहपाठ
साहित्य : घरातल्या दोन-तीन वर्षांच्या जुन्या दिनदर्शिका, एक सुगड, भारताचा नकाशा

पाठात प्रत्येक सणाला तीनच प्रश्न विचारायचे आहेत.
१. त्या दिवशी शेतात काय असतं?
२. तारीख कोण ठरवतं : सूर्य, चंद्र की दोघं मिळून?
३. त्या दिवशी कोणाचा हिशेब मिटतो आणि कोणाचा सुरू होतो?

सणाची माहिती, गोष्टी, पोशाख, पदार्थ हे सगळं मुलांना येतंच. त्यावर वेळ घालवू नका.

आधीचा गृहपाठ

प्रत्येक मुलानं घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारायचं : पाडवा, दसरा, दिवाळी, संक्रांत आणि तुमच्या घरचा आणखी एखादा सण, या दिवशी रानात काय असतं? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहायचं.

इथे एक गोष्ट हमखास घडते. निम्म्या वह्यांत 'नवीन पीक घरात येते, म्हणून शेतकरी आनंदी असतो' असं छापील वाक्य येतं. ते आजीनं सांगितलेलं नसतं, हे लगेच ओळखता येतं. आजी 'पीक' म्हणत नाही. ती म्हणते, 'जोंधळा पोटऱ्यात असतो', 'निसवलाय', 'हुरड्यात आलाय', 'तूर बडवून झालेली असते'. वहीत पिकाचं नाव आणि त्याची अवस्था नसेल तर एकच प्रश्न विचारून वही परत द्या : 'कुठलं पीक? उभं आहे की पोत्यात?' दुसऱ्या दिवशी खरं उत्तर येतं.

तासिका पहिली : सुगड उघडून बघणं

टेबलावर भरलेलं सुगड ठेवा. मुलांना एकेक वस्तू बाहेर काढू द्या. आमच्या सुगडातून निघालं ते असं : गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे घाटे, ज्वारीचं कणीस, गाजर, बोरं, उसाचं कांडकं आणि तिळगूळ.

आता फळ्यावर दोन रकाने करा, 'शेतात अजून उभं' आणि 'शेतातून निघालेलं'. प्रत्येक वस्तू कुठे जाईल ते मुलांनी सांगायचं. ओंब्या, घाटे, कणीस हे पहिल्या रकान्यात गेलं. ही धान्यं कोवळीच तोडून आणलेली, त्यांचं पीक रानातच आहे. गाजर-बोरं दुसऱ्या रकान्यात गेली. तिळावर वाद झाला. तीळ आमच्याकडे खरिपाचा. तो दसऱ्याच्या आसपासच निघतो, म्हणजे संक्रांतीला तो घरातला जुना माल. गूळ मात्र या हंगामातल्या उसाचा. आणि ऊस? त्याची तोड चालू असते, म्हणून तो दोन्हीकडे. एका मुलानं उसाचं कांडकं दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर ठेवलं. मी ते तिथंच राहू दिलं.

निष्कर्ष मुलांनीच काढला. आपल्या भागात संक्रांत हा रब्बीची सुगी झाल्याचा सण नाही. दाणा भरत असताना, पीक येणार याची खात्री वाटायला लागते तेव्हाचा तो सण आहे. सुगडात पुढच्या सुगीचा नमुना असतो. त्या दिवशी आपल्या शेजारच्या पंढरपुरात रुक्मिणीमातेला ओवसायला बायकांची केवढी रांग लागते! त्यांच्या हातातल्या वाणातही हेच असतं.

या तासाला दुसरं उदाहरण घ्या वेळ अमावास्येचं. वर्गातल्या ज्या मुलांचे मामा-मावशी लातूर, धाराशिवकडे किंवा त्या सीमेलगतच्या गावांत आहेत, त्यांना हे सांगू द्या. मार्गशीर्षातल्या अमावास्येला घरचे सगळे शेतात जातात, कडब्याची कोप करतात, आत पांडव म्हणून दगड मांडून पुजतात. भज्जी, आंबील, उंडे असं जेवण शेतातच होतं. शेजारच्या बिदर, कलबुर्गीकडे कानडी लोक हाच दिवस 'एळ्ळ अमावास्या' म्हणून पाळतात. कानडीत 'एळ्ळु' म्हणजे तीळ. भाषा दोन, राज्यं दोन, पण शेत एकच : काळी जमीन आणि तिच्यावर उभी असलेली रब्बी ज्वारी. इथेही पीक कापलेलं नाही, उभ्या पिकाची पूजा आहे.

तास संपताना फळ्यावर दोन शब्द लिहा : 'उभ्या पिकाचे सण' आणि 'पोत्यातल्या पिकाचे सण'. पुढच्या दोन्ही तासांत हेच शब्द उपयोगी पडतात.

तासिका दुसरी : तारीख कोण ठरवतं?

हा तास गणिताचा आहे. जुन्या दिनदर्शिका वाटा आणि मुलांना तीन दिवस शोधायला सांगा.

मकर संक्रांत : २०२३ मध्ये १५ जानेवारी, २०२४ मध्ये १५ जानेवारी, २०२५ मध्ये १४ जानेवारी.
गुढीपाडवा : २०२३ मध्ये २२ मार्च, २०२४ मध्ये ९ एप्रिल, २०२५ मध्ये ३० मार्च.
हिजरी वर्षाचा पहिला दिवस (१ मोहरम) : २०२३ मध्ये २० जुलै, २०२४ मध्ये ८ जुलै, २०२५ मध्ये २७ जून.

आता दोन पाडव्यांमधले दिवस मोजायला सांगा. २२ मार्च २०२३ ते ९ एप्रिल २०२४ हे ३८४ दिवस भरतात. तिथून ३० मार्च २०२५ पर्यंत ३५५. मुलं म्हणतात, 'सर, चुकलं.' चुकलेलं नाही. चंद्राचा एक महिना सरासरी २९.५३ दिवसांचा. बारा महिन्यांचे होतात सुमारे ३५४ दिवस, तेरांचे ३८४. म्हणजे पहिल्या वर्षात तेरा महिने होते. तेरावा कुठला? २०२३ ची दिनदर्शिका उलटून बघा, अधिक श्रावण सापडेल. हा शोध मुलांनाच लावू द्या, आधी सांगून टाकू नका.

सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं, बारा चांद्रमासांचं ३५४ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. सुमारे पावणेतीन वर्षांत ती महिनाभराची होते, मग अधिक महिना घालून ती भरून काढतात. म्हणून पाडवा मार्च-एप्रिलमध्येच मागेपुढे होत राहतो, ज्वारी निघाल्यानंतरचा काळ सोडून फार लांब जात नाही.

हिजरी वर्षाचं मोजून बघा. २० जुलै २०२३ ते ८ जुलै २०२४ हे ३५४ दिवस, आणि तिथून २७ जून २०२५ पर्यंत पुन्हा ३५४. इथे अधिक महिना घालतच नाहीत. त्यामुळे हे वर्ष दरवेळी अकरा-बारा दिवस मागे सरकतं आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतं. पेरणीतही येतं, काढणीतही येतं. शेताशी त्याचा संबंध नाही, तसा तो असावा अशी अपेक्षाही नाही.

इथे माझी एक चूक सांगतो. आमच्या तक्त्यात 'सण कसा साजरा करतात' असा रकाना होता. मोहरमच्या ओळीत तो भरायला मी वर्गातल्या एका मुस्लीम मुलाला सांगितलं. तो गप्प उभा राहिला. मग हळूच म्हणाला, 'सर, साजरा नाही करत. शोक असतो.' हिजरी वर्ष मोहरमनं सुरू होतं हे खरं, पण मोहरमची दहा तारीख म्हणजे आशुरा, करबलात इमाम हुसेन शहीद झाले तो दिवस. आपल्या जिल्ह्यातल्या अनेक गावांत ताबूत बसतात, हिंदू घरंही त्यात असतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी रकाना मी आपल्या पाडव्याच्या मापानं आखला होता. आता तो रकाना काढून टाकलाय. त्याजागी 'त्या दिवशी काय करतात' एवढंच लिहितो. तुलनेचा तक्ता आखताना एका समाजाचा सण प्रमाण धरून बाकीच्यांना त्यात बसवलं, की कुणाची तरी ओळ रिकामी किंवा चुकीची राहते. आणि त्या ओळीचं मूल आपल्याच वर्गात बसलेलं असतं.

याच तासात पाडव्याच्या ओळीत दोन नावं वाढवा. सोलापूर शहरातल्या तेलुगू पद्मशाली विणकरांच्या घरी त्याच दिवशी उगादी असते, कानडी घरांत युगादी. तिथी तीच, चैत्र शुद्ध प्रतिपदा. आपण कडुनिंबाची पानं गूळ घालून खातो, कानडी लोक 'बेवु-बेल्ल' म्हणजे कडुनिंब आणि गूळच, आणि तेलुगू घरी कडुनिंबाचा मोहर, कैरी, चिंच, गूळ, मीठ, तिखट यांची पचडी. या वस्तू बाजारातून एकाच वेळी आणता येतात, कारण त्या एकाच ऋतूत झाडावर असतात. 'सण सारखे का?' याचं निम्मं उत्तर एवढ्यातच मिळतं.

तासिका तिसरी : वर्ष कुणाचं, कधी सुरू होतं?

फळ्यावर लिहा : 'आपल्या गावात वर्ष किती वेळा सुरू होतं?' मुलांना वाटतं दोनदा, एक जानेवारी आणि पाडवा. मग मोजायला लागा. सालगडी पाडव्याला ठरतो, त्याचं साल पाडवा ते पाडवा. त्या सुमारास ज्वारी खळ्यावरून घरात आलेली असते, म्हणून जुना हिशेब मिटवता येतो. व्यापाऱ्याची नवी वही दिवाळीत पुजली जाते आणि गुजराती कुटुंबांचं नवं वर्षच कार्तिकातल्या पाडव्याला सुरू होतं. खरिपाचा माल बाजारात येऊन पैसा खेळायला लागलेला असतो, तेव्हाचा हा दिवस. बँकेचं वर्ष १ एप्रिलला, तलाठ्याचं महसुली वर्ष १ ऑगस्टला, साखर हंगाम १ ऑक्टोबरला.

आमच्या वर्गात ऊसतोड कामगाराची एक मुलगी होती, बीडकडची. हंगामापुरती इथे आलेली. तिनं 'आमचं नवं वर्ष' या ओळीत 'दसरा' लिहिलं होतं. मागच्या बाकावरची मुलं हसली. मी तिला समजावून सांगायला सांगितलं. ती म्हणाली, 'खंडेनवमीला कोयता पुजायचा. दसरा झाला की मुकादमाची गाडी येती. तिथनं आमचं वर्ष सुरू. पट्टा पडला की संपलं.' पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचं गाळप बंद होणं. तेव्हा हिशेब होतो. आधी घेतलेली उचल फिटते, नाहीतर अंगावर राहते आणि पुढच्या दसऱ्याला तीच ओढून नेते.

वर्ग शांत झाला. तिची ओळ आमच्या तक्त्यात सगळ्यांत पूर्ण भरली. शेतात काय : तोडणीला आलेला ऊस. तारीख कोण ठरवतं : पंचांग, पण खरं तर कारखाना. हिशेब कोणाचा : मुकादम आणि कोयत्याचा. पाडव्याला ती गावी परत गेलेली असते, नाहीतर वाटेत असते. म्हणून पाडवा तिच्या घरी नवं वर्ष नाही, परतीचा सण आहे.

तिच्या ओळीतून आणखी एक प्रश्न निघाला. उजनीचं पाणी आल्यापासून आपल्याकडचा मोठा पैसा उसाचा आणि द्राक्षाचा. मग उसाचा सण कुठला? पंचांगात कुठलाच नाही. पण मुलांनी शोधून काढलं की कारखान्यावर बॉयलर पेटवायची पूजा होते, मग गव्हाणीत पहिली मोळी टाकतात, नारळ फुटतो, पेढे वाटतात. नवं पीक आलं की त्याच्याभोवती नवा विधी तयार होतो. जुने सणही कधीतरी असेच तयार झाले असतील, असं एक मुलगा म्हणाला. याहून चांगला निष्कर्ष मला सुचला नसता.

आता दूरचे सण

हे तीन प्रश्न हातात आल्यावरच नकाशा काढा. तीन प्रांत पुरेत.

तामिळनाडू. पोंगल संक्रांतीच्याच दिवसांत, कारण तारीख सूर्याची. पण तिथे सांबा हंगामाचा भात तेव्हा कापणीला आलेला किंवा कापलेला असतो. नव्या मडक्यात नव्या तांदळाचा गोड भात शिजवून तो उतू घालवतात. हा 'पोत्यातल्या पिकाचा' सण.

पंजाब. लोहडी संक्रांतीच्या आदल्या रात्री. तेव्हा गहू हिरवा, लहान असतो. तो निघतो एप्रिलच्या मध्यावर, बैसाखीला. म्हणजे गव्हाची सुगी बैसाखीची, लोहडीची नव्हे. १६९९ च्या बैसाखीलाच गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली, म्हणून त्या दिवसाला शेतापलीकडचाही अर्थ आहे. तो तक्त्यात वेगळा लिहा, सुगीत मिसळू नका.

आसाम. इथे बिहू तीन. ऑक्टोबरच्या मध्यावर काती बिहू : भात शेतात उभं, कणगी रिकामी होत आलेली, म्हणून मेजवानी नाही, तुळशीपाशी आणि शेतात दिवे लावायचे. जानेवारीत माघ बिहू : भात घरात आलेलं, म्हणून जेवणावळी आणि होळी. एप्रिलमध्ये रोंगाली बिहू : नवं वर्ष. आमचे तिन्ही गट, म्हणजे उभं पीक, पोत्यातलं पीक आणि वर्षारंभ, एका प्रांतात वेगवेगळे करून ठेवलेले सापडले, तेव्हा मुलांनी आपोआप टाळ्या वाजवल्या.

आता फळ्यावरचं पहिलं वाक्य दुरुस्त करायला सांगा. आमच्या वर्गानं असं केलं : 'संक्रांत, पोंगल, लोहडी आणि माघ बिहू यांच्या तारखा जवळ आहेत, कारण त्या सूर्यावर ठरतात. पण शेतं वेगळी आहेत, म्हणून सण वेगळे आहेत.'

मूल्यमापन

पाठांतराचा प्रश्न देऊ नका. हे दोन पुरेत.
१. २६ जानेवारीला आपल्या शिवारातल्या तीन पिकांची अवस्था लिहा. त्यावरून तो दिवस सुगीचा सण ठरला असता का, ते सांगा.
२. २०२६ चा पाडवा १९ मार्चला आहे. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. २०२७ चा पाडवा साधारण कधी येईल? रीत दाखवा.

दुसऱ्याचं उत्तर : तेरा महिने म्हणजे ३८४ दिवस, १९ मार्चमध्ये मिळवले की ७ एप्रिल. एका दिवसाचा फरक आला तरी पूर्ण गुण द्या, रीत महत्त्वाची.

पालकांसाठी

मूल विचारेल, 'पाडव्याला रानात काय असतं?' तर मोबाईलमध्ये शोधून देऊ नका. त्याला आजीकडे पाठवा, नाहीतर जवळच्या शेताच्या बांधावर न्या. आणि घरातली जुनी दिनदर्शिका रद्दीत टाकू नका. शाळेत पाठवून द्या, आम्हाला दरवर्षी लागते.